मोराचा रुपया आणि त्याची कहाणी

रत्नागिरीतील जुन्या घरांतून क्वचित एखादे ब्रह्मी चांदीचे नाणे निघते. पिसारा फुलवलेला मोर पाहताच 'हे थिबा राजाचे' असे सांगितले जाते. ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा 1886 पासून 1916 मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच नजरकैदेत होता. त्यामुळे ही समजूत स्वाभाविक आहे. मात्र आमच्या घरचे असेच एक नाणे ऑनलाइन लिलावात मांडताना आम्हाला जाणवले, की नाण्याचे वर्णन आणि नाण्याची कहाणी हे दोन वेगळे गद्यप्रकार आहेत.

वर्णनात नाणे स्वतः जे सांगते तेवढेच यावे. या नाण्यावर 1214 हे साल आहे. विक्रेते ते इसवी सन समजतात, पण ते ब्रह्मी शकातले असून थिबाचा पिता मिंडॉन याच्या राज्यारोहणाचे आहे. मंडालेच्या टांकसाळीत यंत्रावर ही नाणी पडू लागली ती 1865 मध्ये, आणि तरीही साल तेच राहिले. म्हणजे नाणे थिबाच्या हातून आले असेलही, पण ते नाण्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून आम्ही लिहिले: 'कुटुंबात तोंडी सांगितली जाणारी माहिती, लेखी पुरावा नाही.' या वाक्याने किंमत कमी होते, विश्वास मात्र टिकतो.

खरेपणासाठी आधी वजन पाहावे. हे नाणे भारतीय रुपयाच्या तोलाचे; आमचे 11.58 ग्रॅम भरले. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि नाणे दोऱ्याने, तळाला न टेकवता, पाण्यात बुडवले. काट्याने 1.12 दाखवले. भागाकार 10.34 येतो, रुपयाच्या चांदीला तो साजेसा आहे. तांबे-निकेलच्या नकलेत तो 8.9 च्या आसपास येतो. अस्सल चांदीत ओतलेली नक्कल मात्र या कसोटीतून निसटते. तिथे भिंगातून पृष्ठावरचे बारीक खड्डे आणि कडेवरचा सांधा शोधावा लागतो.

स्थिती सांगताना 'उत्तम' हे विशेषण निरुपयोगी ठरते. मोराच्या छातीवरची पिसे झिजली आहेत, कडेला एक ठोका आहे, असे लिहावे आणि तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे द्यावीत. चिंच किंवा राख लावून उजळलेल्या नाण्यावर त्या उजेडात समांतर ओरखडे दिसतात, आणि जाणकार बोली लावत नाहीत. काळसर छटा तशीच राहू द्यावी.

नाणे शंभर वर्षांहून जुने असल्याने 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. बोली भारतापुरतीच ठेवावी. अशा वस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो.

पाठवताना मऊ पीव्हीसी पाकीट टाळावे. कोकणच्या दमट हवेत त्यातून हिरवट चिकटा सुटतो. कागदी पाकीट दोन पुठ्ठ्यांमध्ये चिकटवून हलवून पाहावे. खडखड ऐकू आली, तर टपालातही ती ऐकू येणार. मग बाहेरचे पाकीट, विमा, आणि आत आमच्या वर्णनाची एक प्रत. नाणे पुन्हा विकले जाईल, तेव्हा निदान आमच्यापासून पुढे तरी त्याला लेखी इतिहास असेल.