धाटावच्या गेटापासून सोलापूरच्या भाकरीपर्यंत

रोह्याहून कोलाडकडे जाऊ लागले की थोड्याच वेळात धाटाव येते. एका अंगाला कुंडलिका नदी, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या. वारा फिरला की रसायनांचा उग्र वास थेट घरात शिरतो. नदीला पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटते, म्हणून ऐन उन्हाळ्यातही ती वाहताना दिसते. आमची थोरली ताई इथे नांदते, आणि आमचे दाजी गेली चोवीस वर्षे इथूनच मालट्रक चालवतात. गेल्या हिवाळ्यात दाजींबरोबर सोलापूरपर्यंत जायचा योग आला. या खेपेला माल म्हणजे धुतलेली रिकामी पिंपे होती, क्लीनर सुट्टीवर होता, आणि मालकाची हरकत नव्हती.

सकाळी आठला आम्ही कारखान्याच्या गेटाबाहेर रांगेत लागलो. गाडी आत जायला दुपारचा एक वाजला. ड्रायव्हरचे पोट बिघडते ते चालत्या गाडीत नव्हे, उभ्या गाडीत, हे आम्हाला तिथेच कळले. पाच तासांत करण्यासारखे काही नसते. टपरी समोरच असते. कोणी हाक मारतो, चहा येतो, चहाबरोबर वडापाव येतो. पूर्वी दाजी गेटावर आणि वाटेत मिळून दिवसाला आठ चहा घेत. टपरीच्या एका चहात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला सोळा चमचे, तोलून ऐंशी ग्रॅम. आणि ही साखर जेवणात धरलेलीच नाही!

चार वर्षांपूर्वी दाजींना वाटेत वारंवार लघवीला उतरावे लागू लागले. वडखळ ते खोपोली एवढ्याशा पट्ट्यात दोनदा. तहान भागेना, पाण्याची पाच लिटरची बाटली पनवेलच्या आत संपे. त्यांनी दोष उन्हाला आणि इंजिनाच्या उष्णतेला दिला. मग लायसनच्या नूतनीकरणाची वेळ आली. मालवाहू गाडीच्या लायसनला डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरांनी नुसती सही न करता रक्त तपासायला पाठवले. उपाशीपोटी साखर १८२ निघाली. १२६ च्या वर म्हणजे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी साडेसहा टक्क्यांच्या आत असावी, ती ८.९ होती. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांचा पडदा दर वर्षी दाखवा. नजर गेली तर लायसन गेलेच." दाजींच्या घरात कमावते ते एकटेच, आणि धाकटी मुलगी तेव्हा बारावीला.

ताईने त्या रात्री भात बंद, बटाटा बंद, गोड बंद अशी यादीच केली. ती यादी घरात चालली. पण दाजी महिन्यातले बावीस दिवस घराबाहेर! पहिल्याच खेपेत ती यादी मोडली. म्हणून त्यांनी एका वेळी एकच गोष्ट धरायचे ठरवले. पहिले दोन महिने फक्त चहा. पंधरा दिवस दोनऐवजी एक चमचा, पुढले पंधरा दिवस अर्धा, मग बिनसाखरेचा. टपरीवाल्याकडे चहा आधीच गोड उकळलेला असतो, हा खरा अडथळा. त्यावर उपाय असा की दूध-पाणी टाकतानाच सांगायचे, "माझा अर्धा कप बाजूला काढ." गेटावरचा पोरगा आता न सांगता काढून ठेवतो. त्याच काळात थंड पेयाची बाटलीही सुटली. अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत पाच चमच्यांहून जास्त साखर असते, हे दाजींना मुलीने बाटलीवरचे छापील अक्षर वाचून दाखवले.

गेटातून सुटल्यावर नागोठण्याच्या पुढे एका खानावळीत आम्ही थांबलो. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, सुकटाची चटणी, कांदा. आम्हाला वाटले, हे तर घरचेच जेवण, यात भिण्यासारखे काय? दाजी हसले. चहानंतर त्यांनी नान आणि बटर रोटी सोडली होती आणि निश्चिंत मनाने तीन-तीन तांदळाच्या भाकऱ्या खाऊ लागले होते. साखर मात्र हलेना. तेव्हा मुलीने बोटातून थेंब काढून साखर मोजणारे छोटे यंत्र आणून दिले. त्याच्या पट्ट्या महाग, म्हणून दाजी रोज मोजत नाहीत. नवा पदार्थ आला की पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा मोजतात आणि लायसनच्या पाकिटातल्या वहीत टिपतात. वही आम्ही पाहिली. दोन बटर नान, दाल मखनी आणि लस्सी: २८१. तीन तांदळाच्या भाकऱ्या आणि मासळीचे कालवण: २४३. एक तांदळाची भाकरी, दोन वाट्या वालाची उसळ, कांदा-काकडी: १७६. भाकरी झाली तरी ती तांदूळच, आणि बारीक पिठाचा तांदूळ पोटात लवकर साखर होतो. वाल, मटकी, हुलगा मात्र सावकाश पचतात. म्हणून दाजी आता उलटे जेवतात. आधी कांदा-काकडी आणि उसळीची एक वाटी, मग भाकरी. पोट निम्मे भरल्यावर तिसरी भाकरी मागवली जात नाही.

पेण सोडून खोपोलीच्या रस्त्याला लागलो तेव्हा अंधार पडला होता. आम्ही सहज विचारले, "दाजी, नान सोडायला सगळ्यात जड का गेले?" त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "मेव्हणे, माझा आजा याच मुलखात बैलगाडी हाकायचा. हॉटेलाच्या दारात त्याची कपबशी वेगळी टांगलेली. स्वतः धुवायची, परत खिळ्याला अडकवायची. आत बसायचे नाव नाही. मला लायसन मिळाले त्या दिवशी मी ढाब्यावर मधल्या टेबलाला बसलो, वेटरला हाक मारली आणि बटर नान मागवले. आमच्या घरी ज्वारीची भाकरी आणि चटणी म्हणजे दुसरे काही नसल्याची खूण. डॉक्टर म्हणाले, भाकरी खा. मला वाटले, परत खाली ढकलताहेत."

१९२७ साली ज्या महाडात पाण्यासाठी उभे राहावे लागले ते महाड दाजींच्या दुसऱ्या फेरीच्या वाटेवर आहे, गोव्याकडे जाताना. त्यामुळे हे बोलणे आम्हाला नवे नव्हते. ढाब्याच्या नानशी जोडलेले मात्र आम्ही पहिल्यांदाच ऐकले. आहाराचा तक्ता लिहून देणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? "मग कसे जमवलेत?" "टेबल नाही सोडले," दाजी म्हणाले. "त्याच मधल्या टेबलाला बसतो आणि वेटरला सांगतो, भाकरी आण."

बोरघाट चढताना त्यांनी एक वळण दाखवले. गोळ्या सुरू होऊन सहा महिने झाले होते. मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड नावाची गोळी होती; ती शरीराला इन्शुलिन सोडायला लावते, खाल्ले असो वा नसो. दाजींनी दुपारी गोळी घेतली आणि जेवण लोणावळ्याला करू म्हणाले. पुढे टँकर आडवा झाला होता. तीन तास गाडी जागची हलली नाही. आधी हात थरथरले, मग डिसेंबरात अंगभर घाम, क्लीनरवर विनाकारण ओरडणे, आणि समोरचे दिवे दुहेरी. त्यांना वाटले झोप येतेय. क्लीनरने यंत्र काढून बोट टोचले: ५८. सत्तरच्या खाली धोका. त्याने पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी परत मोजली, ७९. मग बिस्किटे, शेंगदाणे. गाडी चालू असती तर? दाजी त्यावर काही बोलले नाहीत. नंतर डॉक्टरांनी ती गोळी निम्मी केली आणि ताटात घास पडल्यावरच घ्यायला सांगितली. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा साखर अशी खाली येत नाही, हेही समजावले. तेव्हापासून स्टिअरिंगजवळच्या कप्प्यात साखरेची पुडी आणि भाजलेल्या चण्यांचा डबा असतो. चणे भुकेसाठी, साखर फक्त त्या वेळेसाठी. हे दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण चणे साखर वेगाने चढवत नाहीत.

रात्री यवतच्या पुढे ढाब्यावर थांबलो. इथे दाजी थेट भटारखान्याच्या खिडकीशी गेले. ढाब्यावर डाळ मोठ्या पातेल्यात साधी शिजलेली असते. फ्राय, तडका हे सगळे नंतर कढईत तेल ओतून होते. म्हणून "डाळ फ्राय, तेल कमी" असे सांगून उपयोग नसतो. आचाऱ्याचा हात सवयीने पळी भरतोच. "पातेल्यातली डाळ दे, वर लसूण-मिरची वेगळी" असे सांगितले की काम होते. पैसेही कमी पडतात. मालकाकडून खेपेचा भत्ता ठोक मिळतो, उरेल तो आपला. डाळीवर वाचलेले पैसे रक्ताच्या पट्ट्यांना जातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहोळच्या अलीकडे पिठले, शेंगाचटणी, मेथीची पेंडी आणि ज्वारीची भाकरी आली. बाई चुलीपुढे थापत होत्या, भाकरी ताटाएवढी. आम्ही तीन खाल्ल्या. दाजींनी दीड. ज्वारी तांदळापेक्षा बरी, पण तीही धान्यच आहे. दोनाच्या पुढे वहीतला आकडा दोनशे ओलांडतो, असे ते म्हणाले. अर्धी उरलेली भाकरी त्यांनी कागदात गुंडाळली.

सोलापुरात आम्ही उतरलो. दाजींना पुढे हैदराबादला जायचे होते. तिथे ते बिर्याणी खातात, हे त्यांनी आपण होऊन कबूल केले. खेपेला एकदा, अर्धी प्लेट, दुपारी, आणि मागून वीस मिनिटे गाडीभोवती चालणे. वहीत त्या पानावर २१९ लिहिलेले आहे आणि ते खोडलेले नाही. शेवटच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी ७.२ आली. डॉक्टरांना सातच्या आत हवी आहे. डोळ्यांचा पडदा अजून स्वच्छ आहे.

आम्ही एस. टी.ने परतलो. धाटावला ताईने विचारले, "काय खाल्लं त्यांनी, खरं सांग." आम्ही खरे सांगितले, बिर्याणीसकट. तिने ऐकून घेतले आणि रात्रीसाठी वाल भिजत घातले. ते उद्या संध्याकाळी येणार होते, तोवर मोड यायला हवे होते.