एका तोंडाचे डबे

दोन वर्षांपूर्वी आमच्या सौ.चा उजवा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर. हात खांद्याच्या वर जाईना. स्वयंपाक मात्र दुसऱ्याच्या हाती द्यायची तिची तयारी नव्हती. "अहो, डबे खाली आणा, बाकी मी बघते," एवढंच म्हणाली. सूनबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "बाबा, सगळं काढायचंच आहे तर एकसारख्या काचेच्या बरण्या घेऊ, छान दिसेल."

मी जन्मभर बँकेत हिशेब केलेला माणूस. आधी मोजायचं ठरवलं. एक लिटरचा डबा घेतला, त्यात एकेक जिन्नस भरून काट्यावर ठेवला. तूरडाळ साधारण आठशे ग्रॅम बसली, कणीक साडेपाचशेच्या आसपास, जाड पोहे तर चारशेही भरेनात. म्हणजे किलोभर डाळीला सव्वा लिटर जागा पुरते, तर किलोभर पोह्यांना अडीच-तीन लिटर हवी. सगळे डबे एका मापाचे घेतले की डाळीचा डबा अर्धा रिकामा आणि पोह्यांची उरलेली पिशवी रबर लावून बाहेर. ओट्यावर पसारा होतो तो या उरलेल्या पिशव्यांचा.

मग आम्ही दोघं, म्हणजे मी आणि सूनबाई, बेगम बाजारला गेलो. निजाम अली खानांच्या बेगमेने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसलेला हा बाजार. आमच्या आईपासून घरातली भांडी तिथलीच. रिक्षा अफझलगंजलाच सोडावी, आत गल्लीत शिरत नाही. दुकानदार डब्यांचे एकात एक बसणारे सेट पुढे करू लागला. ते दुकानात सुरेख दिसतात, पण प्रत्येकाचं तोंड वेगळं. मी म्हटलं, तोंड एकच पाहिजे, उंची वेगवेगळी. "कायकू साब? सेट लेलो ना, सस्ता पडता," म्हणाला. पण काढून दिले. सहा इंच तोंडाचे, काही साडेसहा इंच उंच, काही जरा बुटके. सहा इंची डब्यात दर चार इंच उंचीला पावणेदोन-दोन लिटर मावतं, म्हणून साडेसहा इंचीत किलोभर पोहे बसतात आणि तीन इंचीत किलोभर डाळ. तिथेच एकाचं झाकण दुसऱ्यावर बसवून पाहिलं. दोन ढिले निघाले, ते परत केले. ढिल्या झाकणातूनच दमट हवा आणि किडे आत जातात.

फळीवर ते लावले तेव्हा सूनबाई खूश. झाकणं सारखी, रांग सरळ, उंच मागे आणि बुटके पुढे. नावाच्या चिठ्ठ्या मात्र अंगावर चिकटवल्या, झाकणावर नाही. झाकणं एकसारखी असली की घासल्यावर त्यांची अदलाबदल ठरलेलीच.

आता कोणता डबा कुठे. सौ.ला कमरेपासून खांद्यापर्यंतचीच फळी. तिथे रोजचे डबे, एकेक किलोचे, कारण तीन किलो डाळीचा डबा दुखऱ्या हाताने उचलणं कठीण. बाकीचा साठा खाली, जमिनीलगत. बँकेच्या भाषेत सांगायचं तर वरती चालू खातं, खाली मुदत ठेव. रविवारी सूनबाई खालून वर भरते, पण वरचा डबा रिकामा करून, पुसून, वाळवून मगच. जुन्यावर नवीन ओतलं की तळचे चार दाणे महिनोन्‌महिने तिथेच राहतात आणि सोंडे तिथूनच सुरू होतात. तळाशी बारीक पीठ दिसलं, दाण्याला भोक दिसलं किंवा झाकणाखाली जाळी धरली की समजावं. उन्हात वाळवलेलं धान्य गरम असताना झाकलं तर आत घाम धरतो, पूर्ण निवू द्यावं.

काचेच्या बरण्यांवर सौ.चाच आक्षेप होता. "खिडकीतलं ऊन लागून हळद-तिखटाचा रंग जातो." ते खरं आहे. म्हणून मिसळणाचा डबा स्टीलचा, जेमतेम पंधरा दिवसांचं मावेल एवढा. उकळत्या भांड्यावर तो उपडा करायचा नाही, वाफ आत गेली की हळदीचे खडे होतात. वेगळा चमचा, तोही कोरडा.

तेलाची किटली अर्ध्या लिटरची. शेगडीजवळ नाही, हाताच्या अंतरावर पण उष्णतेपासून दूर, ताटलीत, म्हणजे ओघळ फळीवर उतरत नाही. तीही संपू द्यायची, गरम पाण्याने धुवायची, पूर्ण सुकवायची आणि मगच भरायची. खवट तेलात ताजं ओतलं की ताजंही लवकर खवट होतं. वास घेऊन कळतं, जुन्या शेंगदाण्यासारखा येतो.

खांदा आता बराच मोकळा झालाय, तरी सौ.ने डबे वर चढवू दिलेले नाहीत. सूनबाईंच्या दोन काचेच्या बरण्या जेवणाच्या टेबलावर आहेत, एकीत बडीशेप, एकीत खडीसाखर.