पत्रिकेच्या पाठीवरच्या दोन ओळी

आमच्या घरी लग्नपत्रिका छापून आल्या की आई त्यांना हळद-कुंकू लावी आणि अण्णा त्यांतल्या थोड्या बाजूला काढत. छापलेला मजकूर सगळ्यांसाठी सारखाच: आमचे येथे श्रीकृपेकरून, सहकुटुंब सहपरिवार, हेच अगत्याचे निमंत्रण समजावे. बाजूला काढलेल्या पत्रिकांच्या पाठीवर मात्र अण्णा शाईने दोन ओळी लिहीत. ‘आदल्या दिवशी दुपारीच ये. पंगतीचं तुलाच बघायचंय.’ ती पत्रिका ज्याला जाई, तो हमखास येई.

माझ्या मुलीच्या लग्नात पत्रिका फोनवरूनच जाणार होती, तेव्हा मला त्या पाठीची फार आठवण झाली. पत्रिकेचा फोटो नुसता पुढे ढकलला की ‘अभिनंदन’ आणि हात जोडलेलं चित्र येतं, माणूस येईलच असं नाही. म्हणून जवळच्या मैत्रिणींना मी वेगळं लिहायचं ठरवलं.

पत्रिकेत मुहूर्त होता दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांचा. पाहुण्यांना तेवढं पुरतं. मैत्रिणीला हवं असतं ते वेगळंच: कधी निघू, कुठे उतरू, रात्री राहू कुठे, नेसू काय. निमंत्रकांची नावं, तिथी, शके हे सारं गळलं तरी चालतं. पण वार, तारीख आणि कार्यालयाचं नाव मजकुरातच लिहावं. ते फक्त फोटोत राहिलं, तर ऐन वेळी शोधून सापडत नाही.

एक मैत्रीण मागच्याच वर्षी एकटी झाली होती. तिला ‘सहकुटुंब’ छापलेली पत्रिका तशीच पाठवायला माझा हात धजेना. तिला लिहिलं:

‘अगं, लेकीचं लग्न ठरलंय! रविवारी साताऱ्यात आहे, तारीख आणि कार्यालय खाली लिहिलंय. तू शनिवारीच ये. स्वारगेटहून सकाळची एसटी पकड, स्टँडवर भाचा घ्यायला येईल. झोपायला माझ्याच खोलीत. सीमांतपूजनाला तुझी ती जांभळी पैठणी नेस. रुखवताची मांडणी तुझ्याशिवाय होणार नाही, मी कुणालाच सांगितलेलं नाही.’

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. ‘नक्की ये’ म्हटलं की ‘बघते’ म्हणता येतं, पण एखादं काम आपल्या नावाने राखून ठेवलंय हे कळल्यावर पाय निघतो. मात्र ते काम खरंच तिचं असावं लागतं. रुखवत तिनेच मांडावं असं मला मनापासून वाटत होतं.

ग्रुपवर एकच मजकूर टाकला असता तर वेळ वाचला असता, पण पैठणी आणि रुखवत तिथे कसं लिहिणार? प्रत्येकीला वेगळं लिहिण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पत्रिकेचा फोटो मी प्रत्येक निरोपाच्या खाली जोडला, आधी नाही. त्या एकट्या झालेल्या मैत्रिणीच्या सासूबाईंना मात्र अक्षता घालून छापील पत्रिका पोस्टाने धाडली. त्यांना ‘अगं’ म्हणून कसं चालेल?

तिचं उत्तर तासाभरात आलं: ‘शनिवारी अकरापर्यंत पोचते. रुखवताला टेबलं किती आहेत?’