एका झाडाची तीन वाळवणं

कॉफी हे फळ आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तोवर कॉफी म्हणजे बरणीतली काळी पूड, पाहुणा शहरातला असला की काढायची. आमच्या मोशीत राज्य चहाचं. पण धाकट्या पुतण्यानं चाकणची नोकरी सोडली, आळंदी रस्त्याला एक गाळा घेतला, आणि त्यात कॉफी भाजायचं लहानसं यंत्र बसवलं. आता त्याला कच्चं बी थेट मळ्यातून आणायचं होतं. पैसे वहिनीच्या ठेवीतले. दादा गेल्यावर तेवढीच एक ठेव राहिली होती. म्हणून पुतण्या म्हणाला, "तात्या, तुम्ही चला संगं. मला चव कळती, वाळवण तुम्हाला कळतंय."

तसं कॉफीचं झाड आपल्या महाराष्ट्रातही आहे, मेळघाटात चिखलदऱ्याला. पण व्यापाराजोगा माल बघायचा तर कर्नाटकातच जावं लागतं. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत आम्ही चिक्कमगळूरला पोचलो. बाबाबुडन नावाच्या फकिरानं येमेनहून सात बिया आणल्या म्हणतात, तो डोंगर तिथलाच. जानेवारीचा महिना, तोडणी चाललेली. उंच सिल्व्हर ओकच्या सावलीत माणसाच्या उंचीची झाडं, आणि फांद्यांना चिकटून बोराएवढी लालभडक फळं.

मी एक फळ तोंडात टाकलं. साल गोड, गर नावालाच. आत दोन बिया एकमेकींना सपाट बाजूनं टेकलेल्या, आणि त्यांच्यावर चिकट बुळबुळीत थर. भोकर फोडल्यावर बोटाला जो चीक लागतो ना, तसाच. त्याखाली प्रत्येक बीला कागदासारखं कडक टरफल, आणि त्याच्याही आत आपली कॉफी. तिन्ही प्रकारांतला सगळा फरक या चिकाचा आहे. तो धुऊन काढायचा, अर्धामुर्धा ठेवायचा, की फळ तसंच्या तसं वाळवायचं, एवढाच प्रश्न.

त्या दिवशी मळेवाल्यानं आमच्यासमोर एकाच तुकड्यातली, एकाच जातीची ६०० किलो फळं तोडून घेतली आणि २००-२०० किलोचे तीन वाटे केले. आधी सगळं पाण्याच्या हौदात टाकलं. पोचट, किडकी फळं तरंगली ती काढून टाकली. माणसांनी हिरवट फळं हातानं निवडली. २०० किलो फळांतून सगळे सोपस्कार होऊन हाताला येतं तीस-पस्तीस किलो बी. हे ऐकून मला कॉफी महाग का, ते कळलं.

पहिला वाटा धुतलेल्याचा, ते लोक त्याला वॉश्ड म्हणतात. संध्याकाळच्या आत यंत्रावर साल काढली आणि चिकासकट बिया टाकीत टाकल्या. तिथल्या थंडीत एक दिवस, कधी दीड दिवस त्या आंबतात. आपल्या बायका कुरडयांसाठी गहू भिजत घालतात, तसलाच आंबूस वास. चीक सुटला की नाही हे घड्याळावर ठरत नाही. मूठभर बिया पाण्यात चोळायच्या. बोटांना बुळबुळीत लागल्या तर थांबायचं, वाळूसारख्या खरखरल्या तर लगेच धुवायचं. थांबलात तर बी आंबून बसते. मग स्वच्छ पाण्यात धुऊन आठ-दहा दिवस वाळवण. ते धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नसतं, वेगळं मुरवावं लागतं. इंद्रायणीकाठच्या माणसाला सांडपाण्याचं वेगळं सांगायला नको.

दुसरा वाटा हनीचा. नाव ऐकून मी मध शोधत होतो. मधाचा थेंब नसतो त्यात. साल काढायची, पण चीक बीवरच ठेवून वाळवायचं. तो चीक उन्हात मधासारखा पिवळा, तांबूस होतो, म्हणून ते नाव. किती चीक ठेवला आणि किती सावकाश वाळवलं, त्यावरून पिवळी, लाल, काळी अशी त्याची पोटनावं पडतात. हे वाळवण फार त्रासाचं. पहिले दोन दिवस बियांचे लाडू बनतात, तासातासाला हात फिरवून ते फोडावे लागतात. गुळाच्या ढेपेवर लागतात तशा माश्या लागतात.

तिसरा वाटा नॅचरलचा. फळ आहे तसं जाळीच्या मांडवावर पसरायचं आणि तीन आठवडे, कधी जास्तच, हलवत राहायचं. वरून सगळ्यात सोपं, खरं तर सगळ्यात धोक्याचं. याला पाणी कमी लागतं, म्हणून ही जगातली जुनी रीत. आपल्याकडं मात्र धुतलेल्याला 'प्लँटेशन' म्हणून मान, आणि सालीसकट वाळवलेलं ते 'चेरी', म्हणजे बहुतेकदा शेवटच्या तोडणीचा, पडलाझडला माल. आता निवडून वाळवलेल्या नॅचरलला पोरं जास्त पैसे मोजतात. बाजार फिरतो तो असा.

आधीच्या तोडण्यांचे नॅचरलचे तीन मांडव तिथं होते, पुतण्याला तोच माल घ्यायचा होता. पहिल्या दोन मांडवांवर फळं मनुक्यासारखी सुरकुतलेली, वास चिक्कू वाळत घातल्यासारखा. तिसरा मांडव झाडाच्या सावलीत. थर चांगला चार बोटं जाड. मी वरची फळं बघितली नाहीत. कांद्याच्या चाळीत बघायचं असतं ते तळाला, वरचा कांदा कायम हसतमुख असतो. खालून मूठ काढली. फळं कोमट आणि ओलसर, दोन फळं जिथं चिकटलेली तिथं पांढरा बुरा. वास शिरक्याचा.

"रात्री ताडपत्री ऊन असतानाच टाकली का?" मी विचारलं. मळेवाला दोन क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, गडी कमी होते, चारलाच झाकलं. फळ दिवसभर तापलेलं, त्याची वाफ आतच कोंडली आणि माल उबला. झाकायचं ते गार झाल्यावर, दव पडायच्या आधी.

पुतण्यानं नाकाशी धरलं. "तात्या, हेच तर फ्रुटी आहे! लोकांना हाच वास पाहिजे."

पोराचं अगदीच चूक नव्हतं. पिकल्या फळाचा वास आणि उबलेल्या फळाचा वास सख्खे भाऊच. फळ हळू वाळताना त्याच्या गरावर यीस्ट आणि जिवाणू काम करतात, त्यातून वासाची द्रव्यं बनतात आणि बीत उतरतात. त्यातलंच एक द्रव्य थोडं असलं तर फळाचा सुगंध, जास्त झालं तर रंगातल्या थिनरचा वास. आणि भाजल्यानं हा दोष जात नाही.

वाद घालण्यापेक्षा मी सांगितलं, तिन्ही मांडवांची दोन-दोन मुठी वेगळी बांध, तीवर निशाणी कर. पूर्ण वाळवून, फोडून, सारखी भाजून बघू. वाळलं हे कसं ओळखायचं? फळ कानाशी हलवलं की आत बी खुळखुळते, आणि बी दातानं चावली तर दबत नाही. यंत्रावर ओलावा अकराच्या आसपास यावा लागतो. मळेवाल्यानं नमुने महिन्याभरानं पाठवले, सोबत आमच्यासमोर केलेल्या तिन्ही वाट्यांचेही.

गाळ्यात चव बघायला बसलो, वहिनीही होती. प्रत्येक पेल्यात १२ ग्रॅम भरड पूड, २०० मिली उकळून जरा निवलेलं पाणी, चार मिनिटं थांबायचं, वरची साय चमच्यानं मोडायची आणि फुर्रकन ओढून प्यायची. साखर नाही, दूध नाही. गरम असताना तिसऱ्या मांडवाचा पेला खरंच छान लागला. पुतण्या माझ्याकडं बघून हसला. मी म्हणालो, गार होऊ दे. दहा मिनिटांनी परत ओढली, तर तोंडात शिरका आणि नाकात भोसरीच्या पेंटशॉपमधला थिनर. वहिनीनं पेला बाजूला सारला, बोलली काही नाही. तो मांडव आम्ही सोडला.

मग एकाच झाडाच्या त्या तिघी. धुतलेली स्वच्छ, मोसंबीसारखी आंबट-गोड, पाण्याला हलकी. घोट गेला की तोंड मोकळं. हनीत तो आंबटपणा मऊ झालेला, काकवीची गोडी, घोट जरा जाड. नॅचरल म्हणजे करवंदं आणि पिकलेला फणस, सगळ्यात गोड वाटणारी, पण धुतलेलीतली ती लख्ख चव यात झाकून जाते.

मला वाटलं होतं, फळाची साखर बीत मुरत असणार. पुतण्यानं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या संशोधकांचं सांगितलं. त्यांनी २००६ साली कच्च्या बियांतली साखर मोजून मांडली. आपण खातो ती उसाची साखर तिन्ही प्रकारांत जवळपास सारखीच. फरक होता फळातल्या साध्या साखरांचा, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा, आणि तोही मुरल्यामुळं नव्हे. बी जिवंत असते. गर काढून ओली ठेवली की तिला वाटतं मोड यायची वेळ झाली. ती आपल्याच साखरा खर्चायला लागते. सालीत राहिलेली बी तेवढी खर्चत नाही. हे मला लगेच पटलं, मोड आलेल्या मटकीची चव बदलते ती अशीच. पेल्यात उतरणारी साखर तर नगण्य. गोडी बरीचशी नाकातून येते, पिकल्या फळाचा वास आला की जीभ ती गोड समजते. नाक दाबून नॅचरल प्या, फणस नाहीसा होतो.

पुतण्यानं शेवटी हनी जास्त घेतली, कारण आमच्याकडचं गिऱ्हाईक दूध मागतं आणि दुधात ती टिकते. नॅचरल दुधात घातली की शिकरणासारखी लागते, असं माझं मत. कॉलेजची पोरं तीच मागतात. पहिल्या दोन मांडवांचं नॅचरल अजून महिनाभर सालीतच पोत्यात मुरू दिलं, तेव्हा कुठं फोडायला घेतलं. भाजल्यावरही दोन्ही ओळखू येतात: धुतलेल्या बीच्या मधली चीर फिकट राहते, नॅचरलची काळपट होते. वहिनी आता गाळ्यात बसून चिरा बघूनच डबे भरते.