ताप उतरला, मग रक्त का नको?

ईद-ए-मिलादला आमच्या मोहल्ल्यात रक्तदान शिबिर असतं. बऱ्याच जणांना फॉर्म उर्दूत समजावून सांगावा लागतो, म्हणून मी टेबलावर बसतो. गाडी अडते ती आजाराच्या रकान्यापाशी. "सर, ताप कधीच उतरला, आता ठणठणीत आहे" म्हणत लोक सरळ ‘नाही’वर खूण करू पाहतात.

साध्या सर्दी-तापात अडचण नाही. सगळी लक्षणं गेली की रक्त देता येतं. मात्र राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या सूचनांप्रमाणे डेंग्यूतून पूर्ण बरं झाल्यावर सहा महिने आणि टायफॉईडनंतर बारा महिने थांबायचं असतं. टायफॉईडचे जंतू काही जणांच्या पित्ताशयात ताप गेल्यावरही दडून राहतात.

"पिशवी तपासतातच ना?" हा पुढचा प्रश्न. तपासतात, पण एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस व मलेरिया या पाच गोष्टींसाठी. डेंग्यू आणि टायफॉईड त्या सक्तीच्या यादीत नाहीत. तिथे चाळणी एकच, ती म्हणजे रक्त देणाऱ्याचं खरं उत्तर. ‘नाही’ लिहिलं तर पुढे ते कुणी पकडेलच असं नाही, आणि पिशवी जाते ती बहुतेक वेळा आधीच खचलेल्या माणसाला.

माझा एक जुना विद्यार्थी सप्टेंबरमधल्या शिबिरात आला होता. त्याला आदल्या ऑक्टोबरात डेंग्यू झाला होता, महिनाअखेरीस तो बरा झाला. सहा महिने एप्रिलअखेर संपले, म्हणजे डेंग्यूच्या हिशोबाने तो मोकळा. पण बोलता बोलता म्हणाला, "सर, मला १४ ऑक्टोबरला प्लेटलेट चढवल्या होत्या. कुणा अनोळखी माणसाने दिल्या, तेच तर फेडायचंय." इथे दुसरा नियम लागतो. ज्याला रक्त किंवा रक्तघटक चढवले त्याने बारा महिने थांबायचं. दुसऱ्याच्या रक्तातून काही आलं असेल, तर ते कळायला वेळ द्यावा लागतो. म्हणजे त्याची तारीख १४ ऑक्टोबरनंतरची. तो बराच वेळ हुज्जत घालत राहिला, "महिनाभराने काय फरक पडतो?" शेवटी डॉक्टरांनीच त्याचा फॉर्म बाजूला ठेवला.

लसींचं गणित सोपं आहे. मेलेल्या जंतूंची किंवा टॉक्सॉइडची लस असेल तर १४ दिवस, जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची असेल तर २८ दिवस. हजला जाणाऱ्यांना मेनिंजायटिसची सुई मिळते, ती पहिल्या प्रकारची. त्यांना तोंडाने देतात ते पोलिओचे थेंब मात्र जिवंत विषाणूंचे, म्हणून दोन्ही घेतल्यावर २८ दिवस मोजायचे. कुत्रा चावून रेबीजची लस घेतलेली असेल तर वर्षभर थांबायचं.

म्हणून शिबिराला येताना लसीचं कार्ड आणि दवाखान्याचा डिस्चार्ज कागद सोबत आणा. आमच्याकडे निम्म्या लोकांना आजाराचं नाव आठवतं, तारीख आठवत नाही.