हसणे आधी, बातमी नंतर

१९८३ सालचा ‘जाने भी दो यारो’ हा कुंदन शहा यांचा चित्रपट परवा आम्ही घरच्यांसोबत पुन्हा पाहिला. पडद्यावर उड्डाणपुलाच्या ठेक्याची गोष्ट सुरू होताच आम्हांस राहवेना. त्या काळी महाराष्ट्रात सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होते, त्याच्या वाटपावरून मुख्यमंत्री अंतुले यांच्यावर आरोप झाले आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला, हे आम्ही लेकीला सांगू लागलो. ती म्हणाली, “पप्पा, आधी बघू द्या ना!”

आम्ही गप्प बसलो, आणि पाहतो तो काय, ती अगदी योग्य ठिकाणी हसत होती! मृत आयुक्तांच्या स्मरणार्थ बिल्डर तरनेजा भाषण करतो. शब्द सारे राष्ट्रोन्नतीचे, विषय मात्र गटार! ऐकणारे गंभीर, बोलणाराही गंभीर. चित्रपटात कोणीच हसत नाही. उपरोधाची हीच खूण. विदूषकी विनोदात नट आपल्याला हसवू पाहतो. येथे तो स्वतःला थोर समजत असतो, आणि शब्द व करणी यांतले अंतर आपल्यालाच दिसते. त्यासाठी वर्तमानपत्र लागत नाही.

मनात एक जुनी सल मात्र होती. लाचखोर आयुक्ताचे नाव नेमके डिमेलो का? शिवाय दारूच्या नशेतला आहुजा त्यांच्या शवपेटीलाच बंद पडलेली मोटार समजून दोरीने ओढीत नेतो! पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्हांस ही आपल्या समाजाची टवाळी वाटली होती. या खेपेस आम्ही नुसते पाहिले, की हसू कोणावर रोखले आहे. तरनेजा, आहुजा, अधिकारी श्रीवास्तव, भक्ती बर्वे यांनी रंगविलेली संपादिका शोभा, कोणीही सुटलेले नाही. प्रत्येकाला ते प्रेत हवे आहे, ते आपल्या फायद्यासाठी. रडणारा एकही नाही. हसू मृतावर नाही, ओढणाऱ्यांवर आहे.

काही गमती मात्र पूर्वज्ञानावाचून निसटतात. खून ज्या बागेत होतो तिचे नाव ‘अँटोनिओनी पार्क’. त्या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६६ सालच्या ‘ब्लो-अप’मध्येही बागेत काढलेले छायाचित्र मोठे करताना खून उघड होतो. हे लेकीला ठाऊक नव्हते. तिचे काही बिघडले नाही. पण प्रेताला द्रौपदीची साडी नेसवून रंगभूमीवर आणतात आणि खुद्द दुर्योधनच वस्त्रहरणाचा बेत रद्द करतो, तेव्हा महाभारत ठाऊक नसते तर केवळ गोंधळ दिसला असता. ते तिला शाळेतच कळलेले. बातमी विरते, कथा टिकते. दिग्दर्शकाने सर्वांत मोठे हसू कथेवर उभारले आहे.

शेवटी पूल कोसळल्याचे खापर त्या दोन निरपराध छायाचित्रकारांवर फुटते. कैद्यांच्या कपड्यांत ते मुंबईच्या रस्त्यावर येतात आणि गळ्यावरून हात फिरवतात. लेकीचे हसू थांबले. काही वेळाने ती म्हणाली, “पप्पा, ती सिमेंटची गोष्ट आता सांगा.”