ळ आणि ण

शब्दांच्या भेंड्यांचा खेळ दिसायला फार सोपा आहे. एकानें शब्द उच्चारावा, त्याच्या शेवटच्या अक्षरानें दुसऱ्यानें आपला शब्द सुरू करावा, आणि काना-मात्रेचा आग्रह कोणीं धरूं नये, एवढेच त्याचे नियम. परंतु या वाटेवर दोन बंद दारें आहेत. मराठींत 'ळ'नें सुरू होणारा शब्द नाहीं, आणि जैनांचा प्राकृत 'णमोकार' सोडला तर 'ण'नेंहि नाहीं.

शब्दाच्या शेवटीं मात्र हीं अक्षरें पावलोपावलीं भेटतात. खाणें, पिणें, बोलणें अशीं सारीं क्रियापदें 'ण'वर येऊन थांबतात. 'विमान' या शब्दावर कोणीं 'नारळ' फोडला कीं प्रतिपक्षाची वाचा बंद होते नि खेळ क्षणांत आटोपतो. म्हणून आमच्या घरीं उलटा नियम होता: असा शब्द जो उच्चारील तोच हरला! मग साखळी जपून चाले. विमान, नदी, दगड, डमरू. आतां 'र'वर 'रण' नको, 'रस्ता' घ्यावा. 'त'वर 'तळें' नको, 'तलाव' घ्यावा. 'व'वर 'वेळ' टाळून 'वात' म्हणावें. संस्कृत शब्दांतला धोका तर आधींच ओळखतां येई. वाचन, भोजन निर्धोक. पण पोटांत 'र' किंवा 'ष' दिसला कीं शेवटच्या 'न'चा पुष्कळदां 'ण' झालेला असतो: स्मरण, भूषण.

या नियमाची झळ लागे ती आजीला. तिचे शब्द स्वयंपाकघरांतले: तांदूळ, गूळ, डाळ, लोणी, पाणी. आम्ही शाळकरी मुलें 'कमल', 'फल' अशीं संस्कृत रूपें पुढें करून निसटत असूं; ती 'फळ' म्हणे नि बाद होई. एकदां ती म्हणाली, "अरे, तुमचें फल नि माझें फळ एकाच झाडाचें ना?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतें. संस्कृत तंडुलाचाच मराठींत तांदूळ झाला, पानीयाचें पाणी झालें. तेव्हां 'ळ' आल्यास 'ल' घ्यावा आणि 'ण' आल्यास 'न' घ्यावा, ही सवलत म्हणजे दुबळ्यावर केलेली दया नव्हे. शब्द ज्या वाटेनें घरांत आला त्याच वाटेनें त्याला एक पाऊल मागें नेणें आहे.

ही सवलत मिळतांच डाव पालटला. तांदूळ, लसूण, नारळ, लोणी, निखारा! एकदां आलेला शब्द पुन्हां चालत नसे, त्यामुळें 'ल'ची आमची पुंजी लौकरच सरे. 'ललाट', 'लता', 'लेखक' संपले कीं आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असूं. आजीजवळ मात्र अजून लिंबू, लाटणें, लाह्या, लाकूड नि लुगडें शिल्लक असे.